परवाना गल्लीत राहणाऱ्याला की कागदाला?

आमच्या मोहल्ल्यात रात्री अकरानंतर गाडी लावायला जागा शोधणं म्हणजे रोजचीच कसरत. चाळी शंभर वर्षांच्या. त्या बांधल्या तेव्हा घोडागाडीचाही विचार नव्हता, मोटारीचा कुठून असणार? त्यामुळे सगळ्या गाड्या रस्त्यावरच राहतात. त्यातल्या निम्म्या गल्लीतल्या लोकांच्या, बाकी बाजारात आलेल्यांच्या, दुकानदारांच्या आणि कोणाच्या ते कोणालाच माहीत नसलेल्या. भांडणं होतात, कधी काच फुटते, कधी टायरमधली हवा जाते.

यावर आता एक उपाय पुन्हा पुन्हा पुढे येतो आहे. गल्लीत राहणाऱ्यांनाच परवाना द्या आणि इतरांकडून तासाचे पैसे घ्या. पुण्यात 2018 साली पार्किंग धोरणावरून मोठा वाद झाला. बंगळुरूच्या 2021 च्या धोरणात रहिवाशांसाठी वार्षिक परवाना आहे, लहान गाडीला हजार रुपये आणि मोठ्या गाडीला पाच हजार. पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नवी गाडी नोंदवायचीच नाही, असं आपल्या परिवहन मंत्र्यांनीही 2025 मध्ये बोलून दाखवलं. उद्या आपल्या गल्लीतही खांबावर परवान्याची पाटी लागेल. ती लागण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. रहिवासी कोणाला म्हणायचं?

हा उपाय मला मान्य आहे. रस्ता सरकारी असला तरी रात्री तिथे झोपायला येणाऱ्याचा हक्क थोडा जास्त आहेच. पण परवाना म्हणजे काय, हे आधी नीट समजून घेऊ. परवाना म्हणजे राखीव जागा नव्हे. लंडनमध्ये गेली अनेक दशकं ही पद्धत चालू आहे, आणि तिथल्या पालिका स्पष्ट सांगतात की परवाना असला तरी जागा मिळेलच याची हमी नाही. परवाना फक्त बाहेरच्या गाड्या दूर ठेवतो. तेवढ्यानेही फरक पडतो. लंडनच्या काही उपनगरांत नियम दिवसातून फक्त एक तास लागू असतो, समजा सकाळी अकरा ते बारा. एका तासाने काय होणार, असं वाटेल. पण सकाळी स्टेशनजवळ गाडी लावून संध्याकाळी परत नेणारा माणूस तेवढ्यानेच अडतो. घरच्यांना मात्र उरलेला दिवस कोणताही जाच नाही.

आता पात्रतेकडे येऊ. लंडनमध्ये साधारणपणे दोन गोष्टी जुळाव्या लागतात. तुम्ही त्या पत्त्यावर राहता याचा पुरावा हवा, आणि गाडीच्या नोंदणीवर तुमचं नाव आणि तोच पत्ता हवा. ऐकायला सरळ आहे. हाच नियम आपल्या चाळीत आणून पाहू.

समजा, एका खोलीत तीन भावांचं कुटुंब राहतं. खोली पागडीची, भाडेपावती अजून मरहूम आजोबांच्या नावावर. लाइट बिल वडिलांच्या नावावर. गाडी मधल्या भावाची, आणि तिच्या आरसी बुकावर गावचा, म्हणजे रत्नागिरीकडचा पत्ता, कारण घेताना तिथलेच कागद हाताशी होते. तीन कागद, तीन नावं, दोन पत्ते. अर्ज नामंजूर. त्याच मजल्यावरचे दुसरे गृहस्थ दहा वर्षांपूर्वी मीरा रोडला गेले. खोलीला कुलूप आहे, आत मालाची पोती. पण पावती, लाइट बिल आणि आरसी बुक तिन्ही त्यांच्याच नावावर आणि याच पत्त्यावर. अर्ज मंजूर. म्हणजे रोज रात्री गल्लीत येणाऱ्याला दंड आणि महिन्यातून एकदा येणाऱ्याला परवाना. नियम कोणी वाईट हेतूने केलेला नाही. तो माणसाकडे पाहत नाही, कागदाकडे पाहतो, एवढंच.

म्हणून माझं म्हणणं असं की घराचा पुरावा आणि राहण्याचा पुरावा वेगळे धरावेत. घराचा पुरावा कुटुंबातल्या कोणाच्याही नावावर चालावा, मग ती आजोबांची पावती का असेना. अर्जदार तिथे राहतो हे मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड किंवा मुलांच्या शाळेच्या दाखल्यावरून पाहावं. गाडीचा पत्ता मात्र आपणच दुरुस्त करायला हवा, त्यात पालिकेला दोष देता येणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 49 प्रमाणे पत्ता बदलल्यावर तीस दिवसांत आरटीओला कळवणं बंधनकारक आहे. नंबर एमएच-08 च राहतो, पत्ता फक्त बदलतो. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं संमतीपत्र लागतं, आणि बहुतेकांचं काम तिथेच अडतं. तेवढ्यासाठी पालिकेने तीन महिन्यांचा तात्पुरता परवाना द्यावा.

दुसरा पेच एकत्र कुटुंबाचा. बऱ्याच शहरांत घरटी पहिला परवाना स्वस्त, दुसरा महाग. हेतू चांगला आहे, एका घराने चार गाड्या उभ्या करू नयेत. पण तीन भाऊ वेगळ्या तीन फ्लॅटमध्ये राहिले तर तीन स्वस्त परवाने आणि एकाच खोलीत दाटीवाटीने राहिले तर एकच, हा कुठला न्याय?

पूर्व लंडनमधल्या टॉवर हॅम्लेट्स या भागाने असाच एक प्रश्न सोडवून पाहिला आहे. तिथे बांगलादेशी मुसलमानांची मोठी वस्ती आहे, कुटुंबं मोठी आहेत. नव्या इमारतींना परवानगी देताना पालिका अट घालते की इथल्या रहिवाशांना रस्त्यावरचा परवाना मिळणार नाही. मग झालं असं की दाटीत राहणाऱ्या कुटुंबाला मोठं सरकारी घर मिळायचं, पण तिथे गेलं की परवाना जायचा. मुलंबाळं आणि म्हातारी माणसं असलेलं घर गाडीसाठी अडून राहायचं. म्हणून तीन किंवा अधिक बेडरूमच्या सामाजिक घरात जाणाऱ्या कुटुंबाला जुना परवाना सोबत नेण्याची सोय झाली. नियम सरसकट मोडला नाही, ज्याच्यावर तो अन्यायाने पडत होता त्याच्यापुरता वाकवला. आपल्याकडे जुन्या चाळींचा पुनर्विकास चालू आहे. टॉवरमध्ये गेलेल्यांना आत पार्किंग मिळेल, मग त्यांना गल्लीचा परवानाही द्यायचा का? माझ्या मते नाही. पण टॉवरमधल्या ज्या जुन्या भाडेकरूच्या वाट्याला पार्किंग आलंच नाही, त्याला नाकारू नये.

आता नूतनीकरण. हे लोकांना कटकट वाटतं, पण बंद खोलीवाल्याचा परवाना सुटतो तो इथेच. परवाना एकदा दिला आणि विसरलं, तर पाच वर्षांत निम्मे परवाने गल्ली सोडून गेलेल्यांच्या हातात असतील. वर्षातून एकदा लाइट बिल पाहिलं तरी पुरे. सहा महिने युनिटं नावापुरती असतील तर तिथे कोणी राहत नाही, हे सांगायला इन्स्पेक्टर लागत नाही.

पण नूतनीकरणात गरीब माणूस कसा अडकतो तेही पाहा. लंडनमध्ये आता बहुतेक ठिकाणी काचेवर चिकटवायचा कागद उरलेला नाही. नोंद संगणकात, तपासणारा गाडीचा नंबर टाकून पाहतो. माझी एक आपा तिथे राहते. तिने जुनी गाडी विकून दुसरी घेतली, परवान्यावरचा नंबर बदलायचा राहिला आणि आठवड्यात दोन दंड आले. परवान्याचे पैसे भरलेले होते, पण ते जुन्या गाडीचे. चौदा दिवसांत भरल्यास दंड निम्मा होतो म्हणून तिने मुकाट भरून टाकला. काचेवर काहीच नसल्यामुळे मुदत संपल्याचं डोळ्यांना दिसत नाही. आपल्याकडे हे सुरू झालं तर मुदतीआधी मेसेज, मुदतीनंतर पंधरा दिवसांची सवलत आणि वॉर्ड ऑफिसात कागदावर अर्ज घेणारी एक खिडकी, एवढं हवंच. ज्याला ऑनलाइन जमत नाही तो एजंटाकडे जातो, आणि मग परवान्यापेक्षा एजंट महाग पडतो.

शेवटी पाहुण्यांचे पास. यावर सर्वांत कमी बोललं जातं आणि सर्वांत जास्त तक्रारी इथेच होतात. लंडनमध्ये रहिवाशाला वर्षाला ठरावीक पास विकत मिळतात. पूर्वी तारीख खरवडायची कार्डं असत, आता बरंचसं मोबाइलवर. मर्यादा नसेल तर पास दुकानातल्या नोकरांना विकले जातात, हा अनुभव आहे. फार कमी ठेवले, तर म्हाताऱ्या आईला पाहायला येणारी मुलगी दंड भरते.

आणि किंमत? उत्तर लंडनच्या बार्नेट पालिकेने 2011 मध्ये रहिवाशाचा परवाना 40 पौंडांवरून 100 आणि पाहुण्याचा पास 1 पौंडावरून 4 पौंडांवर नेला. एका रहिवाशाने कोर्टात आव्हान दिलं. 2013 मध्ये उच्च न्यायालयाने ही वाढ बेकायदा ठरवली. कारण साधं होतं. पार्किंगचा कायदा रस्त्यावरची गर्दी सांभाळण्यासाठी आहे, तिजोरी भरण्यासाठी नाही. आपल्याकडे धोरण येईल तेव्हा हे वाक्य त्यात आधीच लिहून घ्यावं, नंतर कोर्टात जाण्याची वेळ येऊ नये.

पासांचा हिशेब मोहल्ल्याच्या जगण्यावरून व्हावा. निकाहची तारीख आधी ठरते, त्यासाठी आधी अर्ज करता येईल. मय्यत सांगून येत नाही. जनाजा उठेपर्यंत चार-सहा तास पन्नास माणसं येतात, त्यांतले निम्मे गावाहून. त्या दिवशी घरच्या कोणी फोन केला की त्या गल्लीत तेवढे तास दंड थांबावा, पास मोजू नयेत. हे फक्त आपल्यासाठी नाही. शेजारच्या वाडीतही माणसं अशीच जमतात.

या सूचना कोणत्या दिवशी द्यायच्या, हेही महत्त्वाचं आहे. मसुदा हरकतींसाठी खुला होतो तेव्हा आपण गप्प असतो आणि पाटी लागल्यावर नगरसेवकाच्या ऑफिसात गर्दी करतो. तोपर्यंत बंद खोलीवाल्याचा अर्ज मंजूर झालेला असतो.