पाकीट बंद, पत्ता उघडा

गेल्या जुम्म्याला नमाजनंतर मशिदीच्या आवारात आमच्या मदत फंडाची बैठक झाली. कोणत्या घराला किती रेशन द्यायचं, कोणाच्या मुलीची फी भरायची, हे सगळं आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरतं. मी एवढंच म्हणालो की ग्रुपच्या नावात विधवा आणि यतीम हे शब्द आणि वर मोहल्ल्याचं नाव कशाला? एका मामूंनी मोबाइल माझ्यापुढे धरला. मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत, बाहेरच्या कोणाला वाचता येत नाहीत, अशी कंपनीची ओळ चॅटच्या माथ्यावर होती. "वाचलंस ना? कंपनीलासुद्धा दिसत नाही. उगाच लोकांना घाबरवू नकोस."

ओळ खरी आहे. आपण तिचा जो अर्थ लावतो, तो खोटा आहे.

माझ्या लहानपणी गावात कुवेतहून पत्रं यायची. पोस्टमनने कधी एकही पाकीट फोडलं नाही. तरीही कोणाच्या मुलाचं पत्र दोन महिने आलेलं नाही, कोणाला कोर्टाचं रजिस्टर यायला लागलंय, हे त्याला घरच्यांइतकंच ठाऊक असायचं. एन्क्रिप्शन म्हणजे पाकिटाचा डिंक आहे. तो पक्का आहे, यात वाद नाही. पण पाकिटावरचा पत्ता, शिक्का आणि तारीख बाहेरच राहतात.

व्हॉट्सॲपचं स्वतःचं प्रायव्हसी धोरण वाचा. लपवलेलं नाही, फक्त कोणी वाचत नाही. तुम्ही ॲप किती वेळा आणि केव्हा वापरता, शेवटचे कधी ऑनलाइन होता, फोनचं मॉडेल, ऑपरेटिंग सिस्टिम, बॅटरी किती उरली आहे, नेटवर्क कोणत्या कंपनीचं, भाषा, टाइम झोन, आयपी पत्ता आणि त्यावरून अंदाजे ठिकाण. ग्रुपचं नाव, फोटो आणि वर्णनही त्यात येतं. म्हणजे आमच्या फंडाच्या ग्रुपमध्ये काय लिहिलं हे कंपनीला कळत नाही, पण ग्रुप कशाचा आणि त्यात कोणाकोणाचे नंबर आहेत हे कळतं. मामूंना हे दाखवलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "एवढ्याने काय होणार?"

काय होऊ शकतं, याचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. नॅटली एडवर्ड्स या तिथल्या अर्थखात्याच्या 'फिनसेन' या विभागात वरिष्ठ सल्लागार होत्या. बँकांनी संशयास्पद व्यवहारांबद्दल पाठवलेले गोपनीय अहवाल त्यांनी बझफीड न्यूजच्या पत्रकाराला दिले. २०१८ मध्ये तपास यंत्रणेने त्यांच्या फोनसाठी 'पेन रजिस्टर'चा आदेश घेतला. या आदेशात मजकूर मागता येत नाही, फक्त कोण कोणाशी आणि केव्हा बोललं एवढंच मागता येतं. म्हणूनच तो झडतीच्या वॉरंटपेक्षा सहज मिळतो. आदेश लागू झाल्यावर काही तासांतच नोंद मिळाली: बझफीडची बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी, रात्री १२.३३ ते १२.५४ या वेळात, एडवर्ड्स आणि त्या पत्रकाराच्या फोनमध्ये सुमारे ७० मेसेज. एकाही मेसेजचा शब्द न वाचता. कोर्टाच्या कागदात ॲपचं नाव नव्हतं. ते व्हॉट्सॲप होतं, हे प्रोपब्लिकाने २०२१ मध्ये छापलं. पुढे इतर पुरावाही आला, पण त्या एकवीस मिनिटांच्या नोंदीला एन्क्रिप्शन आड आलं नाही. २०२१ मध्ये त्यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली.

कंपनी म्हणते की प्रत्येकाने कोणाला मेसेज केला याची वही ती एरवी ठेवत नाही. ते मान्य करू. पण आदेश आल्यावर त्या दिवसापासून ठेवू शकते. एफबीआयच्या जानेवारी २०२१ च्या अंतर्गत कागदात तर व्हॉट्सॲपकडून अशी माहिती दर पंधरा मिनिटांनी मिळते असं लिहिलं आहे. त्याच कागदानुसार वॉरंट असेल तर त्या माणसाची संपर्कयादी मिळते, आणि ज्यांच्या यादीत त्याचा नंबर आहे अशांचीही.

शेवटचा भाग पुन्हा वाचा. माझं खरं भांडण तिथेच आहे. "माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही" असं म्हणणारा माणूस Contacts च्या परवानगीवर Allow दाबतो तेव्हा तो स्वतःचं काही देत नाही. खालांचा नंबर देतो, तलाक घेऊन माहेरी आलेल्या भाचीचा देतो, फंडातून मदत घेणाऱ्या त्या घराचा देतो. आपल्याकडे कोणी ठेवायला दिलेल्या वस्तूला अमानत म्हणतात. नंबर ही अमानत नाही का? सूरह हुजुरातच्या बाराव्या आयतीत दुसऱ्याच्या गोष्टी हुडकत फिरायला मनाई आहे, यावर खुतबे खूप ऐकले. हुडकणाऱ्याच्या हातात यादी आयती देणाऱ्याबद्दल एकही ऐकला नाही.

आता सेटिंग्ज. इथे एक घोळ सगळे घालतात. Last seen and online बंद केलं, निळ्या टिका बंद केल्या, की माणूस निर्धास्त होतो. त्याने मेहुण्यापासून बचाव होतो, कंपनीपासून नाही. Privacy मधल्या Advanced मध्ये Protect IP address in calls आहे. ते चालू केलं की कॉल कंपनीच्या सर्व्हरमधून फिरून जातो, समोरच्याला तुमचा आयपी दिसत नाही. कंपनीला दिसतोच, आणि आवाज थोडा खराब होऊ शकतो. तिथलंच Disable link previews चालू करा, म्हणजे लिंक टाइप करताच ती साइट तुमचा आयपी टिपणार नाही. आणि Chat backup मध्ये End-to-end encrypted backup तपासा. ते आपोआप चालू नसतं, आणि बॅकअप उघडा असेल तर पाकिटाच्या आतला कागदच गूगल ड्राइव्हवर पडून असतो. पासवर्ड मात्र विसरू नका, कंपनी तो परत देऊ शकत नाही.

कंपनीला जाणारं खरोखर कमी करणारी गोष्ट व्हॉट्सॲपच्या बाहेर, फोनच्या सेटिंग्जमध्ये आहे: ॲपची Contacts परवानगी काढणं. मग नावांऐवजी नंबर दिसतात, त्रास होतो. आयफोनवर आयओएस १८ पासून निवडक संपर्कच देता येतात. पण आधी गेलेली यादी यामुळे परत येईल असं समजू नका.

२०२१ च्या जानेवारीत व्हॉट्सॲपच्या नव्या अटींवरून गदारोळ झाला तेव्हा आमचे अर्धे लोक टेलिग्रामवर गेले. आगीतून फुफाट्यात. टेलिग्रामचे साधे चॅट आणि सगळे ग्रुप एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नाहीतच. फक्त Secret Chat आहे, तो दोघांपुरता.

सिग्नलची गोष्ट वेगळी. २०१६ मध्ये अमेरिकेत त्यांच्याकडे एका खात्याची माहिती मागितली गेली. त्यांच्याकडे द्यायला दोनच गोष्टी होत्या: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. आदेश मोडला नाही, वहीच ठेवली नव्हती. आता तिथे युजरनेम ठेवून नंबरही लपवता येतो. Phone Number मध्ये दोन्ही पर्याय Nobody करा. खातं उघडायला मात्र नंबर लागतोच, आणि आपलं सिम ओळखपत्रावर घेतलेलं असतं.

बैठकीत शेवटी ठरलं ते असं: ग्रुपचं नाव 'शुक्रवार' एवढंच, फोटो काढून टाकायचा. मदत घेणाऱ्यांचे नंबर ग्रुपमधून काढून मुनीमजींच्या वहीत. ठरवणाऱ्या सात जणांनी सिग्नलवर जायचं. आज आठवा दिवस, चार जण आले आहेत. मामू अजून आलेले नाहीत, पण काल त्यांनी विचारलं, "ते Allow पुन्हा Don't allow करायचं कुठून?"