तुटलेल्या अक्षराची डागडुजी

जुने पोस्टर वर्षानुवर्षे घडी घालून ठेवले, की घडीवरची शाई झडते आणि फोटोत अक्षरांमधून पांढरी रेघ दिसू लागते. समजा, १९३६ च्या ‘संत तुकाराम’ चित्रपटाच्या पोस्टरवर ही उभी रेघ नेमकी ‘तु’मधून गेली आहे. दंड शाबूत आहे, पण ‘त’चा डावीकडचा बाक तुटला आहे. संगणकावर शेजारचा रंग ओढून रेघ पुसावी, असे कोणालाही वाटेल. परंतु तसे केले, की मागचा रंग अक्षरात शिरतो आणि कड धुरकट होते.

म्हणून आधी शिरोरेषा आडवी येईल असा फोटो सरळ करावा. मग मूळ चित्राला हात न लावता वरच्या वेगळ्या थरावर प्रथम मागचा रंग भरावा, नंतर अक्षर.

हरवलेला बाक आणायचा कोठून? ‘संत’मधल्या ‘त’कडून! दोन्ही दंडांची जाडी जुळेल इतपत तो सारख्या प्रमाणात लहानमोठा करावा आणि हवा तेवढाच तुकडा बसवावा. हाताने काढलेली अक्षरे तंतोतंत सारखी नसतात. तेव्हा अख्खे अक्षर बदलू नये. शेवटी चित्र उलटे करून पाहा. अक्षर वाचले जात नाही, नुसता आकार दिसतो. जोडाजवळचा फुगवटा लगेच नजरेत भरतो.

अनुस्वाराला मात्र जपावे. तेवढा टवका उडाला, तर ‘संत’चा ‘सत’ होतो. श्रेयनामावलीतील अनोळखी नावावर असा ठिपका दुसरी प्रत पाहिल्यावाचून देऊही नये आणि पुसूही नये.