गुरुवारची गैरहजेरी: आधी टक्के काढा, मग बोला

आपल्या पिंपरी-चिंचवड एमआयडीसीत बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. वडील घरी, म्हणजे पोरगंही घरी, असं क्लासवाले सर्रास म्हणतात. माझं म्हणणं एवढंच, की पालकांना बोलावण्याआधी हजेरीचा पिव्हट काढून बघा.

शीटमध्ये तारीख, वर्ग, नाव आणि हजेरी असे चार कॉलम ठेवा. गैरहजर असेल तर 1, हजर असेल तर 0. क्लासच्या सुट्टीच्या दिवसाच्या ओळी भरूच नका. पाचव्या कॉलममध्ये वार काढा:

```
=TEXT(A2,"dddd")
```

आता पिव्हटमध्ये Rows ला वार, Columns ला वर्ग आणि Values ला हजेरी टाका. इथेच लोक फसतात, कारण Sum ठेवतात. तिथे Average करा आणि टक्के दाखवा.

समजा, आठवीत 30 मुलं आहेत. जुलै 2025 मध्ये गुरुवार 5 आले, सोमवार 4. गुरुवारी एकूण 30 गैरहजर, सोमवारी 24. बेरजेत गुरुवार बदनाम होतो, पण 150 पैकी 30 आणि 120 पैकी 24, दोन्ही 20 टक्केच!

टक्केही जास्त आले, तर पाचही गुरुवार वेगळे बघा. 10 जुलैला गुरुपौर्णिमा होती. आकडा त्या एकाच दिवसाने फुगला असेल, तर ती सवय नव्हे. पाचही गुरुवारी सारखीच गळती दिसली, तर मात्र गुरुवारची टेस्ट शुक्रवारी घ्या आणि पालकसभा गुरुवारी ठेवा. वडील त्याच दिवशी भेटतील.