वेगवान कालवाही गाळाने भरतो

कालव्यात गाळ साचतो तो पाणी संथ वाहते म्हणून. तेव्हा कालवा अरुंद आणि खोल खणावा, पाण्याला वेग द्यावा, म्हणजे गाळ आपोआप पुढे जाईल. हा पूर्वपक्ष ऐकायला इतका सरळ आहे की त्याला उलट प्रश्न करावासाच वाटत नाही. शिवाय त्याच्या पाठीशी पाठ्यपुस्तकही उभे असते. पाण्याला काठ-तळाचा स्पर्श जितका कमी, तितके घर्षण कमी आणि तितकीच खोदाईत बचत. एवढा किफायतशीर सल्ला कोणता कार्यकारी अभियंता नाकारील?

हा सल्ला काँक्रीटच्या पाटासाठी आणि स्वच्छ पाण्यासाठी बिनचूक आहे. सिंधू-गंगेच्या मैदानात मात्र कालव्याचा तळ वाळूचा असतो आणि पाण्यासोबत नदीची वाळूही आत येते. अशा कालव्याला स्वतःचा तळ आणि काठ बदलता येतात. तो आपल्या नकाशाचा आकार मान्य करीलच असे नाही.

आकडे मांडून पाहू. सेकंदाला ३० घनमीटर पाणी न्यायचे आहे, तळाची वाळू साधारण ०.३२ मिलिमीटर जाडीची आहे आणि जमिनीत कालव्याला उतार मिळतो तो ५९०० मीटरला १ मीटर. किफायतशीर आकाराच्या हिशेबाने, खडबडीतपणाचा नेहमीचा ०.०२२५ हा गुणांक धरून, कालवा निघतो तो सव्वापाच मीटर तळरुंदीचा आणि सव्वाचार मीटर खोल. वेग येतो सेकंदाला ०.९६ मीटर. आता दुसरा कालवा घेऊ: तळरुंदी २२.३ मीटर, खोली फक्त १.६८ मीटर. विसर्ग तोच, उतारही तोच. वेग मात्र ०.७७ मीटरच, आणि काठांचा कल धरून पाण्याचे क्षेत्र ३१ चौरस मीटरऐवजी जवळजवळ ३९. निविदा समितीपुढे हे दोन नकाशे ठेवले तर निकाल काय लागेल ते सांगायला नको. पहिला स्वस्त आणि वर वेगवान.

आणि गाळाने भरणारा तोच.

याचे कारण आर. जी. केनेडी या अभियंत्याने १८९५ साली मांडले. रावी नदीतून पाणी घेणाऱ्या पंजाबातल्या अप्पर बारी दोआब कालव्यावर त्याने अशा जागा निवडल्या, जिथे वर्षानुवर्षे गाळ काढावा लागला नव्हता आणि तळ खरवडलाही गेला नव्हता. तिथल्या खोल्या आणि वेग मोजल्यावर त्याला दिसले की गाळ न टाकणारा आणि तळ न उकरणारा वेग ठरावीक नसतो, तो खोलीबरोबर वाढतो. मीटरमध्ये ते सूत्र असे:

V₀ = 0.55 D^0.64

केनेडीची समजूत अशी होती की गाळ वर तरंगता ठेवतात ते तळाशी उठणारे भोवरे. पाणी जितके खोल, तितके या भोवऱ्यांना जास्त उंचीपर्यंत गाळ उचलून धरावा लागतो. सव्वाचार मीटर खोलीला हे सूत्र १.३९ मीटर वेग मागते. आपल्या 'वेगवान' कालव्याकडे आहे ०.९६, म्हणजे मागणीच्या सत्तर टक्क्यांहूनही थोडा कमी. रुंद-उथळ कालव्याला ०.७७ पुरतो, आणि तेवढाच त्याच्याकडे आहे. वाळूची वाहतूक मुख्यतः तळालगत होते, आणि अरुंद कालव्याचा तळ दुसऱ्याच्या पावपटही नाही. तेवढ्या चिंचोळ्या तळाने साऱ्या विसर्गाबरोबर येणारी वाळू ओढून न्यायची असते. त्यातून सव्वाचार मीटरचे उभट वाळूसर काठ ढासळू लागले की ओझ्यात घरचीच भर. वेग हा शब्द सुटा वापरायचा नाही. तो किती खोलीवरचा, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

केनेडीवर मात्र एक आक्षेप घ्यायलाच हवा, आणि तो रास्त आहे. त्याच्या सूत्रात उतार नाही आणि रुंदीही नाही. त्यामुळे एकाच विसर्गाला अनेक रुंदी-खोलीच्या जोड्या त्याच्या परीक्षेत पास होतात. १९१९ मध्ये लोअर चिनाब कालव्यावरच्या निरीक्षणांवरून ई. एस. लिंडले यांनी म्हटले की गाळाचे पाणी वाहणारा कालवा आपली रुंदी, खोली आणि उतार बदलत बदलत एका समतोल अवस्थेला पोचतो. हीच ती 'रेजीम'. संयुक्त प्रांताच्या पाटबंधारे खात्यातले जेराल्ड लेसी यांनी १९२९-३० च्या आपल्या निबंधात या समतोलाला आकडे दिले. विसर्ग आणि वाळूची जाडी ठरली की रुंदी, खोली, उतार हे तिन्ही ठरतात. अभियंत्याच्या मर्जीला जागा उरत नाही. वाळूच्या जाडीवरून एक गाळगुणांक काढायचा, आपल्या ०.३२ मिलिमीटरला तो १ येतो. मग ओली परिमिती:

P = 4.75 √Q

म्हणजे ३० घनमीटरला २६ मीटर. वेग निघतो ०.७७ आणि उतार ५९०० ला १. वरचा रुंद कालवा मी हवेतून काढला नव्हता, तो लेसीचाच होता. केनेडीच्या कसोटीला तो उतरतो, हेही लक्षात घेण्याजोगे: दोघांनी वेगवेगळ्या वाटेने जाऊन जवळजवळ तोच वेग गाठला.

दुसरा पूर्वपक्ष व्यवहारी माणसांचा. गाळ साचला तर साचला, दरवर्षी काढू; त्यासाठी आराखडा कशाला बदलायचा? समजा, वरच्याच कालव्याला ५९०० ऐवजी ८००० ला १ असा मंद उतार दिला. किलोमीटरला १७ सेंटिमीटर हवे होते, मिळाले साडेबारा. फरक दिसायला क्षुल्लक आहे. पण कालवा आपल्याला हवा तो उतार स्वतः बांधून घेतो: मुखाशी गाळ टाकून तळ उचलतो आणि शेपटाकडे तो निमुळता करत नेतो. वीस किलोमीटरच्या लांबीत टोकाचा तळ जागच्या जागी धरला, तर मुखाशी सुमारे ९० सेंटिमीटर जाडीची पाचर बसते. आपण ती उन्हाळ्यात उपसतो आणि पुढच्या हंगामात कालवा तेच काम पुन्हा सुरू करतो. त्याला आळस नाही आणि अंदाजपत्रकही लागत नाही.

पाचर बसली की मुखाजवळ पाण्याची पातळी चढते आणि भरावाचा मोकळा काठ बुडू लागतो. तिथल्या चाऱ्यांवर दाब वाढल्याने त्या हक्कापेक्षा जास्त पाणी ओढतात. शेपटाच्या शेतकऱ्याचे पाणी तुटते. त्याची तक्रार वरच्यांच्या चोरीबद्दल असते, बंदोबस्त मागितला जातो, पाटकऱ्याची चौकशी होते. मूळ चोर तळउतार असतो. गाळ काढू नये असे मी म्हणत नाही. पण जो गाळ दरवर्षी त्याच जागी, जवळजवळ तेवढाच बसतो, तो साफसफाईचा विषय नाही, आराखड्यातली चूक आहे.

तिसरा आक्षेप विद्वानांचा, आणि त्याला दात आहेत. लेसीची सूत्रे निरीक्षणांवर बेतलेली आहेत, त्यांत एककांचा ताळमेळ नाही, कणावरच्या कर्षणबलाचा शास्त्रशुद्ध विचार नाही. खरे आहे. पण मग शास्त्रशुद्ध मार्गाने जाऊन पाहा. विसर्गाचे समीकरण, घर्षणाचे समीकरण आणि गाळवाहतुकीचे समीकरण मिळून तीन झाली. अज्ञाते मात्र चार: रुंदी, खोली, वेग, उतार. चौथ्या समीकरणाशिवाय रुंदी सुटत नाही, ती कोणीतरी 'धरून' घ्यावी लागते. ही जागा लेसीने भरली, कारण पंजाब आणि संयुक्त प्रांतातल्या जुन्या कालव्यांनी ती रुंदी स्वतः निवडून दाखवली होती. प्रयोगाची मापे आणि निसर्गाचे उत्तर हातात असताना ते केवळ अनुभवजन्य म्हणून टाकणे म्हणजे शास्त्रीयतेच्या नावाखाली अंदाज स्वीकारणे.

पण त्याच आक्षेपाचा एक भाग मान्य केलाच पाहिजे. लेसीच्या सूत्रात वाळूची जाडी आहे, वाळू किती येते हे नाही. ही उणीव सक्करला दिसली. १९३२ मध्ये सिंधू नदीवर लॉइड बॅरेज सुरू झाला, तेव्हा सिंध मुंबई इलाख्यातच होता. बॅरेजच्या उजव्या बाजूला नॉर्थ वेस्टर्न, राइस आणि दादू हे तीन कालवे, डाव्या बाजूला चार. उजव्या बाजूच्या कालव्यांत गाळ भरू लागला. दोष कालव्याच्या मापांत शोधून उपयोग नव्हता. प्रवाहाच्या वळणामुळे तळाची जाड वाळू त्याच मुखांकडे ढकलली जात होती. नदी वळते तिथे वरचे पाणी बाहेरच्या काठाकडे जाते आणि तळाचे, वाळू घेऊन, आतल्या काठाकडे येते. सर क्लॉड इंग्लिस यांनी पुण्याजवळ खडकवासल्याला नदीचे नमुने करून यावर चाचण्या घेतल्या, आणि मुखापुढे असा जोडकालवा सुचवला की कालव्यांची तोंडे अनुकूल वळणावर यावीत आणि जाड वाळू बाजूने निघून जावी. समतोल आराखडा मुखावर पडेल त्या वाळूचा हिशेब चुकता करू शकत नाही. आधी मुख सुधारायचे, मग कालवा आखायचा. हा धडा शिकवणारी संस्था आज केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र म्हणून खडकवासल्यालाच आहे.

आपल्याकडे मात्र लेसी आंधळेपणाने आणू नये. नीरा, मुठा यांचे कालवे मोठ्या जलाशयांतून निघतात. जाड वाळू धरणामागेच बसते. तळ मुरमाचा, कुठे खडकाचा, काठ काळ्या मातीचे: ओले झाले की फुगणारे, सुकले की भेगाळणारे. असा कालवा आपली रुंदी मोकळेपणाने बदलू शकत नाही, मग समतोलाचे सूत्र त्याला लागू कसे व्हावे? तिथे काठाची माती, शेवाळ आणि जलपर्णी यांचेच प्रश्न असतात. लेसीचे क्षेत्र म्हणजे ज्या वाळूतून कालवा खणला त्याच जातीची वाळू वाहून नेणारा कालवा. त्यातही तो पूर्ण विसर्गाने चालला पाहिजे. अर्ध्या पाण्यावर चालवलेला उत्तम कालवाही गाळ टाकतो, म्हणून उत्तरेतल्या चाऱ्या आळीपाळीने पूर्ण भरून सोडतात किंवा साफ बंद ठेवतात.

आराखडा समतोल आहे की नाही हे ओळखायला संगणकाची गरज नाही. हंगामाच्या सुरुवातीला मुखाखाली, मध्ये आणि शेपटाला तळाची पातळी घ्यावी. हंगाम संपताना पुन्हा त्याच तीन ठिकाणी. त्याच विसर्गाला पाण्याची पातळी किती वर राहते, ती नोंदवावी. तीनही जागी तळ थोडा वरखाली होऊन वर्षअखेर जागेवर येत असेल, तर कालवा ठीक आहे, खोदयंत्र दुसरीकडे पाठवावे. तळ मुखाशी चढत आणि शेपटाला स्थिर असेल, तर उतार अपुरा आहे. सगळीकडे सारखा चढत असेल, तर मुखातून जास्त वाळू आत येते आहे. तेव्हा गाळ काढण्याची निविदा काढण्याआधी मुखापुढची नदी पाहून यावी.