पहिल्या तासात व्हॉल्व्ह काय बोलतो

जालना शहराला पाणी दोन वाटांनी मिळतं. घाणेवाडीच्या जुन्या तलावातून ते उताराने येतं, तर पैठणच्या जायकवाडीतून ते पंपाने उचलून अंबडमार्गे आणावं लागतं. पण शहरात शिरल्यावर दोन्हींना एकच नियम लागू होतो. गाव कुंडलिकेच्या दोन्ही काठांवर वसलेलं आहे आणि जमीन नदीकडे उतरत जाते. एकाच टाकीवरच्या उंच गल्लीत धार बारीक पडते आणि खालच्या गल्लीत तोटी धरून ठेवावी लागते. आजवर हा फरक व्हॉल्व्हमनने सांभाळला. खालच्या भागाचा स्लूस व्हॉल्व्ह तो चार-पाच आटे उघडतो आणि वरच्या भागाचा पूर्ण. त्याच्या हाताला जे कळतं ते कुठल्याही नकाशावर नसतं.

आता पाणीपुरवठ्याच्या नव्या आराखड्यांत झोन आखले जातात आणि खालच्या झोनच्या तोंडाशी दाब कमी करणारा व्हॉल्व्ह, म्हणजे पीआरव्ही, दाखवला जातो. कल्पना योग्यच आहे. केंद्राच्या 1999 च्या नियमपुस्तिकेत एकमजली वस्तीला किमान 7 मीटर, दुमजलीला 12 आणि तीनमजलीला 17 मीटर दाब सांगितला आहे. त्याहून बराच जास्त दाब राहिला तर जुने जोड सुटतात आणि गळती वाढते. माझी तक्रार वेगळी आहे. हा व्हॉल्व्ह चोवीस तास भरलेल्या वाहिनीसाठी घडवलेला आहे, आणि आपण तो काही दिवसांच्या अंतराने भरणाऱ्या, अधेमधे कोरड्या पडणाऱ्या वाहिनीवर बसवतो. त्याची तपासणी मात्र भरल्या वाहिनीवर करून मोकळे होतो.

आधी तो चालतो कसा ते पाहू. मुख्य व्हॉल्व्हच्या पोटात रबरी डायफ्राम असतो आणि डोक्यावर एक छोटा पायलट व्हॉल्व्ह. पायलटची स्प्रिंग ठरावीक दाबाला लावलेली असते. पुढच्या बाजूचा दाब त्याहून वाढला की पायलट आवळतो, डायफ्रामच्या वर पाणी साठतं आणि मुख्य तोंड खाली येतं. दाब घटला की उलट होतं. वीज लागत नाही. पण पायलटकडे जाणारी नळी बोटाहून बारीक असते आणि तिच्यावरची जाळी गाळाने भरली की व्हॉल्व्ह जिथे आहे तिथेच अडकतो. कोरडी वाहिनी पुन्हा भरते तेव्हा गंज, माती, शेवाळ सगळं पहिल्या लोटाबरोबर येतं. म्हणून पुढे-मागे एकेक बंद करायचा व्हॉल्व्ह, मोठा गाळणी-पेटारा, दोन्ही बाजूंना गेज, हवा काढणारा व्हॉल्व्ह, फ्लोमीटर आणि बायपास, एवढं नसेल तर त्याला पीआरव्ही स्टेशन म्हणू नये.

आता मुख्य मुद्दा, कॅव्हिटेशन. अरुंद तोंडातून पाणी वेगाने जाताना तिथला दाब बाष्पदाबाच्या खाली जातो आणि पाण्यात वाफेचे बुडबुडे होतात. पुढे दाब परत वाढला की ते फुटतात. फुटताना धातूवर इतका बारीक आणि तीव्र आघात होतो की सीट आणि पुढची नळी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी टोकरली जाते. हे होणार का याचा अंदाज एका साध्या भागाकाराने येतो. पुढचा दाब घ्यायचा, त्यात हवेचा दाब मिळवायचा, बाष्पदाब वजा करायचा आणि व्हॉल्व्हमध्ये जितका दाब खर्च होतो त्याने भागायचं. जालना समुद्रसपाटीपासून सुमारे 500 मीटरवर असल्याने हवेचा दाब साधारण 9.7 मीटर धरावा. उन्हाळी पाण्याचा बाष्पदाब अर्धा मीटर. म्हणजे 9.2 मीटर हाती राहतात.

समजा व्हॉल्व्हच्या मागे गेजवर 6 किलो, म्हणजे 60 मीटर आहेत आणि पुढे 15 मीटर हवेत. पंधरा अधिक 9.2 म्हणजे 24.2. खर्च 45. भागाकार 0.54. साधारण ग्लोब पद्धतीच्या व्हॉल्व्हला 0.8 च्या खाली आवाज सुरू होतो आणि 0.5 च्या आसपास नुकसान. नेमका आकडा प्रत्येक कारखान्याच्या आलेखावरून घ्यावा लागतो. म्हणजे हा व्हॉल्व्ह काठावरच उभा आहे. तोच दाब दोन टप्प्यांत उतरवला, पहिल्यात 60 वरून 35 आणि दुसऱ्यात 35 वरून 15, तर भागाकार अनुक्रमे 1.77 आणि 1.21 येतो. दोन व्हॉल्व्हचा खर्च जास्त, पण ते टिकतात.

ही झाली भरल्या वाहिनीची गणितं. पाणी सोडण्याच्या दिवशी पुढची वाहिनी रिकामी असते. पुढचा दाब शून्य. मागे 60 टिकले तर भागाकार 9.2 भागिले 60, म्हणजे 0.15. पायलटला दाब कमी दिसतो म्हणून तो मुख्य तोंड पूर्ण उघडतो. मग ज्या नळांना मोटारी लावल्या आहेत तिथून ओढ सुरू होते आणि वाहिनी भरेपर्यंत पुढचा दाब वर येतच नाही. पीआरव्ही या काळात दाब सांभाळत नाही, नुसता झीज सोसत असतो.

कान लावून हे ओळखता येतं. चेंबरचं झाकण काढून लोखंडी सळईचं एक टोक व्हॉल्व्हच्या बुडाला आणि दुसरं कानाला लावावं. एकसारखी सळसळ म्हणजे वेगाचा आवाज. कडकड, दगडगोटे घरंगळावेत तसं ऐकू आलं तर संशय घ्यावा आणि पुढचा बंद करायचा व्हॉल्व्ह थोडा आवळून पुढचा दाब चार-पाच मीटरने वाढवावा. आवाज लगेच मऊ झाला तर कॅव्हिटेशनच. हूं-हूं करत गेजचा काटा ठेक्यात डुलत असेल तर दोष वेगळा आहे; व्हॉल्व्ह गरजेपेक्षा मोठा असावा, जवळजवळ बंद अवस्थेत चालत असावा. दोनशेच्या वाहिनीवर दोनशेचाच पीआरव्ही बसवण्याच्या सवयीतून हे होतं. मागणीप्रमाणे एक लहान आणि एक मोठा समांतर बसवणं अधिक बरं. ध्वनिमापकाची नोंदही घ्यावी. रहिवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे आणि पाणी बऱ्याचदा रात्रीच सुटतं.

एक चाचणी बहुतेक ठिकाणी केलीच जात नाही. पुढचा बंद करायचा व्हॉल्व्ह पूर्ण मिटवून दहा-पंधरा मिनिटं थांबावं. पीआरव्हीच्या लगतचा पुढचा गेज हळूहळू मागच्या गेजकडे चढत गेला तर सीट झिजली आहे. रात्री मागणी थांबल्यावर वस्तीत पूर्ण दाब पोचणार, असं समजावं.

मग जालन्यासारख्या गावात काय करावं? माझं मत असं की क्रम उलटा आहे. आधी झोनच्या सीमा खरोखर बंद कराव्यात, कारण शेजारच्या झोनचा एक जुना जोड उघडा असला तरी पीआरव्हीच्या पुढे दाब दुसरीकडून येतो. मग पुरवठ्याचे तास वाढवावेत. आणि तोवर भरणं वेगळ्या वाटेने करावं. 80 मिलिमीटरच्या बायपासने, मागचा मुख्य व्हॉल्व्ह हळू उघडत, हवा बाहेर पडू देत वाहिनी भरावी. पुढचा गेज 10 मीटरपर्यंत आला की पीआरव्ही चालू करावा आणि बायपास कुलूपबंद करावा. बायपास उघडा राहिला तर सगळी योजना वाया. झीज होईल ती बायपासवरच्या स्वस्त व्हॉल्व्हची, महागड्या पीआरव्हीची नाही.

ठेकेदाराकडून काम ताब्यात घेताना अभियंत्याने दुपारी दोन वाजताचं नव्हे, तर पाणी सुटल्यानंतरच्या पहिल्या तासाचं आणि मागणी थांबल्यानंतरचं गेजवाचन मागावं. सोबत त्या तासाचा भागाकार, आवाजाची नोंद आणि व्हॉल्व्हमनची सहीही घ्यावी. पुढे तो चेंबर दरवेळी उघडणार आहे तो व्हॉल्व्हमनच.