जैन जेवण मिळतं, पण रात्री साडेआठला



मे महिन्याच्या सुट्टीत पहिल्यांदा परदेशात जायचं ठरवणारी घरं आता आपल्या कुपवाडातही पुष्कळ आहेत. वर्कशॉपवाली आहेत, नोकरदार आहेत, बागायतदारही आहेत. वर्षानुवर्षं बाजूला ठेवलेले पैसे असतात आणि सगळे एकाच चौकटीत सापडतात: सिंगापूर, मलेशिया आणि थायलंड, सहा रात्री सात दिवस, "जैन जेवणाची सोय." या चौकटीबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. पहिल्या परदेश प्रवासासाठी ती चुकीची आहे, आणि सर्वात जास्त आपल्यासाठी चुकीची आहे.

"जैन जेवण" या दोन शब्दांत सहल कंपन्या काय देतात? कांदा, लसूण, बटाटा नसलेली भाजी. चांगलं आहे. पण आपल्याकडे ताटात काय आहे याच्याइतकंच ते ताट कधी वाढलं हेही महत्त्वाचं आहे. माझ्या जाऊबाई गेल्या होत्या अशा एका सहलीला. सातही दिवस रात्रीचं जेवण आठ-साडेआठला. बस दिवसभर फिरायची, सगळे चाळीसजण जमले की हॉटेलात न्यायची. रात्रीभोजनाचा त्याग असलेल्या माझ्या सासूबाईंनी सात दिवस संध्याकाळी केळी आणि खाकरे खाल्ले, आणि पैसे मात्र पूर्ण जेवणाचे भरले. "चार दिवस चालतंय की," असं सहलीतले पुरुष म्हणत होते म्हणे. चालायला हरकत कुणाची नाही, पण मग "जैन" हा शब्द विकू नका.

दुसरं म्हणजे ते तीन देश. "एवढा खर्च करतोय तर तिन्ही बघून घेऊ," हा युक्तिवाद मी शंभरदा ऐकलाय. हिशोब करून बघा. एका देशातून दुसऱ्यात विमानाने जायचं म्हणजे पहाटे बॅगा भरणं, खोली सोडणं, दोन-तीन तास आधी विमानतळ, प्रवास, तिकडे पुन्हा इमिग्रेशनची रांग, मग नव्या हॉटेलात खोली मिळेपर्यंत लॉबीत बसणं. दिवस गेला. असे दोन दिवस, शिवाय जाण्याचा आणि येण्याचा. सातातले उरले तीन. आणि बॅगा भरायला, लेकरांना उठवायला, सासऱ्यांच्या गोळ्या कुठल्या कप्प्यात आहेत हे लक्षात ठेवायला कोण? आपणच. सुट्टी घरातल्या बाईचीही असते हे तो कागद छापणाऱ्याला माहीत नसतं.

म्हणून माझं म्हणणं असं: देश एक, शहर एक, हॉटेल एक, पाच रात्री. आणि ते शहर सिंगापूर.

कारण सांगते. सिंगापूर विषुववृत्ताच्या अगदी जवळ आहे, त्यामुळे तिथे सूर्यास्त वर्षभर साधारण पावणेसात ते सव्वासातच्या दरम्यानच होतो. सूर्योदयही सकाळी सातच्या आसपास. म्हणजे आपलं वेळापत्रक एकदा बसलं की रोज तेच. दोन घटका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं, आधी जेवण आटोपायचं तर सहा वाजता हात धुतलेले हवेत. तर दिवस असा मांडायचा: आठनंतर खोलीतच नाश्ता, नऊला बाहेर, साडेबाराला पोटभर जेवण, दुपारी उकाड्यात खोलीवर झोप, पाचला संध्याकाळचं जेवण. त्यानंतर फिरायला आख्खी संध्याकाळ मोकळी. गार्डन्स बाय द बेमधल्या उंच लोखंडी झाडांचा दिव्यांचा खेळ पावणेआठ आणि पावणेनऊला असतो, फुकट असतो, आणि तो बघायला जेवावं लागत नाही.

हॉटेल लिटिल इंडियात घ्यायचं. तिथून मेट्रोच्या डाउनटाउन लाइनने चौथं स्टेशन बेफ्रंट, म्हणजे ती बागच. गाडी बदलायची नाही, टॅक्सी नाही, भाषेची अडचण नाही. सेरंगून रोडवर कोमला विलास आहे, 1947 पासूनचं, शुद्ध शाकाहारी. पण डोळे उघडे ठेवा: शुद्ध शाकाहारी म्हणजे जैन नव्हे. सांबारात कांदा असतोच, मसाला डोशात बटाटा. साधा डोसा, इडली, दहीभात मागायचा, आणि चटणीत काय आहे ते विचारायचं. चिनी बौद्ध लोकांच्या शाकाहारी खानावळीही तिथे आहेत. ते धर्म म्हणून कांदा-लसूण टाळतात, हे ऐकून मला फार गंमत वाटली. पण ते अळंबी आणि गाजर-बटाटा खुशाल वापरतात, कुठे अंडंही असतं. तिथे विचारल्याशिवाय घास नको.

"स्वयंपाकघर असलेला फ्लॅट घेऊ की ॲपवरून," असं कुणी सुचवेल. तो विचार सोडा. सिंगापुरात खासगी फ्लॅट तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीला भाड्याने देणं बेकायदेशीर आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, पोळ्या लाटायला सिंगापूरला कशाला जायचं? खोलीत किटली आणि छोटा फ्रिज असला की पुरे. पाण्याचं गाळणं मात्र बरोबर घ्या. तिथलं नळाचं पाणी थेट पिण्याजोगं असतं, पण आपला नियम आपल्याबरोबर.

जालान यासीन रस्त्यावर सिंगापूर जैन रिलिजस सोसायटीची वास्तू आहे. वेळ आधी विचारून एक सकाळ तिथे ठेवा. लेकरांनी परदेशात णमोकार ऐकला की त्यांना काय वाटतं ते बघा.

विमानाचं. तिकिटावर जेवणाचा प्रकार निवडताना शाकाहारी जैन जेवणाचा कोड `VJML` असतो. `VGML` वेगळा, तो वीगन, त्यात कांदा-बटाटा येऊ शकतो. किमान चोवीस तास आधी नोंदवावं लागतं, आणि स्वस्त विमानांत हा प्रकार असेलच असं नाही. पण रात्रीच्या विमानात `VJML` घेऊन करायचं काय? तिकीट थोडं महाग पडलं तरी मुंबईहून दिवसाचं विमान बघा. साडेपाच तासांचा प्रवास आहे, आणि तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असतं. त्यामुळे सकाळी उशिरा निघालात तरी संध्याकाळचं खाणं विमानातच, खिडकीतून ऊन दिसत असताना उरकायचं.

शिखरजीला जायचं सोडून हे कशाला, असं काही अक्का विचारतील. शिखरजीला जाऊच. दोन्हींत भांडण लावायची गरज नाही. फक्त चातुर्मासात आणि दिवाळीच्या निर्वाणदिनाला घर सोडू नये असं मला वाटतं, म्हणून मे महिना म्हणते. घरातल्या कुणाचं दिग्व्रत असेल तर त्यांना आधी विचारा, तिकीट काढून नव्हे.

आणि डबा भरताना एक गोष्ट. बिनलसणाचं भडंग, दशम्या, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी खुशाल न्या. डिंकाचे लाडू मात्र तपासून घ्या. सिंगापुरात खसखस आणायला बंदी आहे, ती अमली पदार्थांच्या कायद्यात बसते. आपल्या लाडवात आणि घरच्या मसाल्यात ती हमखास असते. लाडू न्यायचेच असतील तर खसखस न घालता वेगळे वळा, आणि मसाल्याची पुडी घरीच ठेवा.