सुटा इअरबड विकता, मग तो जुळेल का तेही छापा

‘एक इअरबड हरवला म्हणून नवी जोडी कशाला, सुटा मिळतो की!’ हा आपल्या पुरवणीतला सल्ला वाचला आणि याच आठवड्यात घरात झालेला मनस्ताप पुन्हा उफाळून आला. सुटा मिळतो, हे खरे. पण तो उरलेल्याशी जुळेल का, हे विकणारा सांगत नाही आणि आपल्या लेखातही ते नव्हते.

माझा भाचा सांगलीला शिकतो. साताऱ्याला येताना एसटीत त्याचा डावा बड पडला. त्याने ऑनलाइन त्याच कंपनीचा, त्याच रंगाचा डावा मागवला. आला, डबीत नीट बसला, चार्जही झाला. पण फोनच्या ब्लूटूथ यादीत एकाच नावाच्या दोन नोंदी दिसू लागल्या. एक जोडला की दुसरा गप्प. परत घ्या म्हटले तर उत्तर आले, ‘कानात घालायची वस्तू आहे, पाकीट फोडलेत, आता परत नाही.’ अहो, पाकीट न फोडता तो जुळतो की नाही हे बघायचे कसे?

शेवटी सांगलीतल्या एका मोबाइल दुरुस्तीवाल्याने उलगडा केला. या बिनवायरच्या जोडीत डावा आणि उजवा आधी एकमेकांशी जोडलेले असतात आणि मग जोडी म्हणून फोनशी बोलतात. प्रत्येकाच्या स्मरणात जोडीदाराचा ब्लूटूथ पत्ता साठवलेला असतो. नवा बड आला तरी जुना आपला हरवलेल्यालाच शोधत बसतो. म्हणून आधी फोनमधून जुनी नोंद काढायची, दोन्ही बड डबीत ठेवून एकाच वेळी रिसेट करायचे, म्हणजे ते एकमेकांना नव्याने शोधतात. रिसेटची रीत मॉडेलप्रमाणे बदलते, ती माहितीपत्रकात असते. एवढे करूनही यादीत दोन नोंदी राहिल्या, तर बहुधा आतली चिप किंवा सॉफ्टवेअर वेगळे आहे. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या मालात कंपन्या आतला भाग बदलत राहतात. भाच्याचे नेमके तेच झाले होते. नवा बड यादीत मुळीच दिसत नसेल, तर मात्र आधी तो चार्ज होतोय का, डबीतल्या पिना स्वच्छ आहेत का, ते बघावे.

हा फक्त स्वस्त मालाचा रोग नाही. ॲपलच्या एअरपॉड्सची पहिली आणि दुसरी पिढी शेजारी ठेवली तर डोळ्यांना फरक कळत नाही. प्रत्येक बडच्या खालच्या बाजूला बारीक अक्षरांत पहिलीचे A1523 आणि A1722, दुसरीचे A2032 आणि A2031 असे क्रमांक असतात. पिढ्या मिसळल्या की जोडी होत नाही. पिढी एकच असली तरी नवा बड डबीत ठेवून झाकण उघडल्यावर दिवा नारिंगी लुकलुकतो. डबीमागचे बटण दाबून धरल्यावर तो पांढरा झाला पाहिजे. नाही झाला, तर झाकण लावून डबी वीस-तीस मिनिटे चार्जिंगला ठेवून पुन्हा बघायचे. निदान तिथे क्रमांक तरी छापलेला असतो! आपल्याकडच्या हजार-दीड हजारांच्या मालावर बहुतेकदा फक्त कंपनीचे नाव आणि डावा-उजवा.

डबी हरवली तर त्रास जरा कमी. स्वस्त मालात ती बहुतेक वेळा नुसता चार्जर असते, त्यामुळे त्याच मॉडेलची चालून जाते. दुसऱ्या मॉडेलच्या डबीत बड बसला तरी पिना जुळतीलच असे नाही.

आणि हे सुटे बड येतात तरी कुठून? बहुतेक कंपन्या डावा वेगळा, उजवा वेगळा असे दुकानात ठेवत नाहीत. म्हणजे बरेचसे परत आलेल्या जोड्या फोडून, नाहीतर कुणाचे तरी हरवलेले विकले जात असणार. एसटीत पडलेला आमचा बडही आज कुणाला तरी ‘अगदी नव्यासारखा’ म्हणून विकायला ठेवला असेल! विक्रीच्या पानावर मूळ कुठले, हे लिहायची सक्ती का नाही?

केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ म्हणून संकेतस्थळ सुरू केले. छान. पण त्या हक्कात सुट्या बडला जागा कुठे? माझी मागणी छोटी आहे. सुटा बड किंवा डबी विकताना मॉडेल क्रमांक आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती छापा, आणि जुळला नाही तर पाकीट फोडलेले असले तरी पैसे परत द्या. दुकानदारांनीही गिऱ्हाइकाचा उरलेला बड मागून घेऊन, जोडी वाजवून दाखवल्यावरच पैसे घ्यावेत.

ज्यांचे पैसे असे अडकले आहेत त्यांनी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. विक्रेता कुठल्याही शहरातला असो, 2019 च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दावा करता येतो, आणि एवढ्या लहान रकमेला शुल्कही लागत नाही. आम्ही साताऱ्यात अर्ज टाकतो आहोत.

— एक वाचक, सातारा